वर्षभराचे गुण की शेवटचा पेपर? दोन पद्धतींच्या दोन वेगळ्या चुका

मार्च 2020मध्ये कोरोनामुळे इंग्लंडमधल्या शाळा बंद झाल्या आणि उन्हाळ्यातल्या सगळ्या अंतिम परीक्षा रद्द झाल्या. विद्यापीठातला प्रवेश ज्या 'ए लेव्हल'च्या निकालावर ठरतो, ती परीक्षाही त्यात होती. मग शिक्षकांना सांगण्यात आलं की परीक्षा झाली असती तर या मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती, ते तुम्हीच ठरवा. मुलांची वर्षभराची कामं, चाचण्या, सराव परीक्षा सगळं शिक्षकांसमोर होतंच.

शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी जमा झाल्या तेव्हा त्या नेहमीच्या निकालापेक्षा बऱ्याच वर होत्या. 'ऑफक्वाल' या परीक्षांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने त्या खाली आणण्यासाठी एक संगणकीय सूत्र वापरलं. शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल आणि शिक्षकांनी लावलेला मुलांचा क्रम यांवरून ते श्रेणी ठरवत होतं. 13 ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे 40 टक्के श्रेणी उतरवल्या गेल्या होत्या. ज्या शाळेचे जुने निकाल कमजोर होते, तिथल्या हुशार मुलीलाही त्या इतिहासाची शिक्षा झाली. उलट एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असली तर शिक्षकांची श्रेणी तशीच राहिली आणि असे लहान वर्ग खासगी शाळांत जास्त होते. मुलं रस्त्यावर उतरली. चारच दिवसांनी, 17 ऑगस्टला, सूत्र मागे घेतलं गेलं आणि शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरल्या गेल्या.

परिणाम आकड्यांत दिसतो. 2019मध्ये वरच्या दोन श्रेणी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या निकालांत होत्या. 2020मध्ये त्या 38 टक्क्यांच्या आसपास गेल्या. 2021मध्ये पुन्हा शिक्षकांनीच मूल्यमापन केलं आणि हे प्रमाण 45 टक्क्यांच्या जवळ पोहोचलं. परीक्षा परत सुरू झाल्यावर आकडे दोन वर्षांत जवळजवळ पूर्वपदावर आले.

यावरून 'शिक्षकांनी गुण वाटले' असा निष्कर्ष पटकन काढला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. असं समजा की एका वर्गात दहा मुलं वरच्या श्रेणीच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. प्रत्येकाला ती श्रेणी मिळण्याची शक्यता 60 टक्के आहे. शिक्षिका एकेका मुलाचा प्रामाणिकपणे विचार करते, 'याला मिळायला हवी' असं प्रत्येकाबद्दल म्हणते आणि दहाही जणांना ती श्रेणी देते. एकाही मुलाबद्दल ती खोटं बोललेली नाही. पण खरी परीक्षा झाली असती तर दहापैकी साधारण सहाच जणांना ती मिळाली असती. उरलेल्या चौघांचा त्या दिवशी एखादा प्रश्न चुकला असता, कुणाचा वेळ पुरला नसता, कुणाला रात्री झोप लागली नसती. ते चौघे कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. परीक्षा दरवर्षी मुकाट्याने काही मुलांना 'वाईट दिवस' वाटून देते. शिक्षिका तो कुणालाच देत नाही, द्यावा तरी कुणाला?

दोन्ही पद्धतींतला फरक इथेच आहे. अंतिम परीक्षेची चूक लॉटरीसारखी असते. वर्षभराच्या मूल्यमापनातली चूक वेगळ्या जातीची असते. ती ओळखायची, तर थोडा हिशेब मांडावा लागेल.

एका मुलीची विषयातली खरी पातळी 100 पैकी 62 आहे असं धरा. खरी पातळी म्हणजे ती हीच परीक्षा अगणित वेळा, ताज्या मनाने देऊ शकली असती तर येणारी सरासरी. श्रेणीची सीमा 60वर आहे. एका तीन तासांच्या पेपरमध्ये तिचे गुण खऱ्या पातळीच्या आसपास साधारण 5 गुणांनी वर-खाली होतात. (संख्याशास्त्राच्या भाषेत ही मापनाची प्रमाणित चूक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा गुण 57 ते 67 या पट्ट्यात येतील.) मग ती 60च्या खाली जाण्याची शक्यता किती? सुमारे 34 टक्के. पात्र असलेली मुलगी तीनातून एकदा नुसत्या योगायोगाने खाली पडते.

आता तिच्या वर्षभराच्या नऊ लहान चाचण्या घेऊ. चाचणी लहान म्हणून तिची चूक मोठी, समजा 9 गुणांची. पण एका चाचणीत नशिबाने गुण कमी झाले, तर दुसऱ्या चाचणीत तसेच नशिबाने वाढतातही. नऊंच्या सरासरीत या चुका एकमेकींना खोडतात आणि 9 गुणांची चूक 9 भागिले वर्गमूळ 9, म्हणजे 3 गुणांवर येते. मुलगी खाली पडण्याची शक्यता 25 टक्क्यांवर उतरते. इथवर वर्षभराची पद्धत सरस आहे.

पण नऊही चाचण्या एकाच शिक्षकाने तपासल्या आणि त्याच्या मनात या मुलीबद्दल, तिच्या अक्षराबद्दल, तिच्या भावाबद्दल किंवा ती वर्गात गप्प बसते याबद्दल एक ग्रह आहे, असं समजा. तो प्रत्येक वेळी नकळत 4 गुण कमी देतो. ही चूक नऊ वेळा एकाच दिशेने होते, त्यामुळे सरासरीत खोडली जात नाही. नऊच्या जागी नव्वद चाचण्या घेतल्या तरी नाही. आता मुलीची सरासरी 62 नव्हे तर 58भोवती फिरते आणि ती सीमेखाली जाण्याची शक्यता 75 टक्के होते. गंमत अशी की तिचे नऊही गुण एकमेकांशी छान जुळतात, म्हणून कागदावर हे मूल्यमापन अतिशय 'विश्वसनीय' दिसतं. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येणं. वैधता म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं जाणं. पाच किलो कमी दाखवणारा वजनकाटा रोज तेच वजन दाखवेल, पण खरं वजन दाखवणार नाही.

असा ग्रह खरोखर असतो का, हे तपासणं सोपं नाही. दोन पद्धतींच्या गुणांत फरक दिसला, तर तो कौशल्यातला फरकही असू शकतो. इस्रायलमध्ये मात्र याची एक नैसर्गिक संधी मिळाली. तिथल्या 'बगरुत' या शालान्त परीक्षेत एकाच विषयाचे दोन गुण असतात. एक शाळेच्या लेखी परीक्षेचा, जो मुलाला ओळखणारा शिक्षक देतो. दुसरा त्यानंतर लवकरच होणाऱ्या सरकारी परीक्षेचा, जो नाव माहीत नसलेला बाहेरचा परीक्षक देतो. दोन्ही पेपरांचा अभ्यासक्रम आणि धाटणी सारखी असते. व्हिक्टर लेव्ही या अर्थशास्त्रज्ञांनी 2008मध्ये हे गुण शेजारी ठेवून पाहिले. मुलींविरुद्ध ग्रह दिसेल अशी अनेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात, त्यांनी पाहिलेल्या सगळ्या विषयांत, अनामिक परीक्षेच्या तुलनेत शाळेच्या गुणांत मुलगे मागे पडलेले दिसले. शिक्षक कोण आहे त्याप्रमाणे हा फरक बदलत होता, म्हणजे त्याचं मूळ केवळ मुलांच्या लिखाणात नसून काही अंशी तपासणाऱ्याच्या नजरेत होतं. इंग्लंडमध्ये सायमन बर्जेस आणि एलन ग्रीव्हज यांनी अकरा वर्षांच्या मुलांचे गुण असेच ताडून पाहिले, तेव्हा काही अल्पसंख्याक गटांना शिक्षक चाचणीपेक्षा कमी आणि काही गटांना जास्त लेखतात असं आढळलं. ग्रह कुणाच्या बाजूचा असेल हे जागेनुसार बदलतं, म्हणून 'आमच्याकडे तसं नसतं' असं तपासल्याशिवाय म्हणू नये.

मग अनामिक, एकाच दिवशीची, सगळ्यांना सारखी असलेली अंतिम परीक्षाच न्याय्य नाही का? त्याच 'बगरुत'चं दुसरं संशोधन इथे वाचायला हवं. अव्राहम एबेनस्टीन, लेव्ही आणि सेफी रोथ यांनी 2016मध्ये परीक्षेच्या दिवशीच्या हवेची नोंद काढली. एकच मूल वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर देतं, त्यामुळे मुलाची तुलना त्याच्याशीच करता येते. हवेत सूक्ष्म धूलिकण जास्त असलेल्या दिवशी त्याच मुलाचे गुण कमी होते. पुढचा शोध जास्त अस्वस्थ करणारा आहे. ज्यांच्या वाट्याला परीक्षेच्या वेळी वाईट हवा आली, त्यांचं पुढचं शिक्षण आणि तिशीच्या आसपासची कमाई दोन्ही कमी निघाली. हवेचा मुलाच्या बुद्धीशी किंवा मेहनतीशी काहीच संबंध नव्हता. एका दिवसाचं धुरकट आकाश आयुष्यात शिरलं, कारण सगळं त्या दिवसावर टेकलेलं होतं.

तपासणीतली लॉटरीही विसरता येत नाही. 'ऑफक्वाल'ने 2018मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मुलाला मिळालेली श्रेणी आणि सर्वांत अनुभवी परीक्षकाने दिली असती ती श्रेणी एकच असण्याची शक्यता त्यात मोजली होती. गणितात ती सुमारे 96 टक्के निघाली. इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या एकत्रित विषयात ती 52 टक्क्यांच्या आसपास होती. निबंध तपासायला बसलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. दोन जाणकार माणसं एकाच निबंधाला प्रामाणिकपणे 14 आणि 17 गुण देऊ शकतात. अशा विषयात एका पेपरच्या श्रेणीवर आयुष्याचं दार उघडायचं की बंद करायचं, हे ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वैधतेत आणखी एक खोट आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ती आहे सरासरीची. दोन मुलांचे वर्षभरातले आठ चाचण्यांचे गुण पाहा. पहिल्याचे 40, 45, 55, 62, 70, 78, 82, 84. दुसऱ्याचे 70, 68, 66, 65, 64, 62, 61, 60. दोघांची बेरीज 516 आणि सरासरी 64.5. प्रगतिपुस्तकात दोघं सारखे. पण वर्ष संपताना पहिल्याला विषय येतो आणि दुसऱ्याच्या हातून तो निसटत चालला आहे. 'या मुलाला आज काय येतं' हा प्रश्न असेल, तर पहिल्याला त्याच्या जूनमधल्या अज्ञानाचा दंड मार्चमध्ये का भरायला लावायचा? शिकणं म्हणजे न येण्यापासून येण्यापर्यंतचा प्रवास आणि प्रवासाच्या सुरुवातीचे गुण शेवटच्या निकालात मोजले, की चुका करायची मुभाच संपते. अंतिम परीक्षा निदान शेवटच्या मुक्कामाकडे बघते.

आणि इथूनच ताणाचा प्रश्न सुरू होतो. लहान लहान चाचण्या घेतल्या की ताण कमी होतो, असं आपण गृहीत धरतो. चाचणीचे गुण निकालात धरले जात नसतील तर ते खरं आहे. प्रत्येक चाचणी दोन-पाच टक्क्यांनी निकालात जात असेल, तर एका मोठ्या परीक्षेऐवजी मुलाला तीस लहान परीक्षा मिळतात आणि एकही आठवडा बिनघोर जात नाही. ज्याच्या घरी मार्चमध्ये सगळं ठीक आहे पण ऑगस्टमध्ये कुणी आजारी होतं, त्याचे ऑगस्टचे गुण परत मिळत नाहीत. शिवाय घरी करायचे प्रकल्प आले, की कुणाच्या घरी शिकलेले पालक आहेत आणि कुणाला पैसे देऊन प्रकल्प करून घेता येतो, याचंच माप घेतलं जातं.

मोठ्या परीक्षेचा ताण शरीरात मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जेनिफर हायसेल आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, साध्या आठवड्यांत आणि महत्त्वाच्या परीक्षेच्या आठवड्यांत मोजलं. परीक्षेच्या आठवड्यात ते सरासरी सुमारे 15 टक्के वाढलं होतं. सरासरीपेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते असं: ज्या मुलांचं कॉर्टिसॉल खूप वाढलं किंवा उलट खूप घसरलं, त्यांचे गुण त्यांच्या इतर कामावरून अपेक्षित होते त्यापेक्षा कमी आले. घसरण म्हणजे मूल शांत आहे असं नाही. मन परीक्षेतून अंग काढून घेतं, तेव्हाही ते घसरू शकतं. म्हणजे ताण हा केवळ मुलाच्या कल्याणाचा विषय राहत नाही. तो मोजमापात शिरतो. दोन मुलांना विषय सारखाच येत असेल आणि एकाचं शरीर परीक्षेला घाबरून प्रतिसाद देत असेल, तर पेपर त्यांच्यातला विषयाचा फरक म्हणून जे दाखवतो, तो खरं तर भीतीचा फरक असतो. ताण आणि वैधता हे वेगळे मुद्दे मानून दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिले जातात, पण मुलाच्या उत्तरपत्रिकेवर ते एकत्रच उतरतात.

यावर 'मग दोन्ही मिसळा' असं उत्तर सहसा दिलं जातं. 80 गुण लेखी, 20 गुण अंतर्गत. या मिश्रणात एक गणिती फसगत आहे. एखाद्या भागाचं निकालातलं खरं वजन त्याच्या गुणांच्या संख्येवर ठरत नाही. त्या भागात मुलांचे गुण एकमेकांपासून किती दूर पसरले आहेत, यावर ते ठरतं. अंतर्गत 20 पैकी सगळ्यांना 18, 19 किंवा 20 मिळाले आणि लेखी परीक्षेत गुण 25 ते 75 पसरले, तर मुलांचा क्रम जवळजवळ पूर्णपणे लेखी परीक्षाच ठरवते. जिने वर्षभर मनापासून काम करून 20 पैकी 20 मिळवले, तिला फारच थोडं काम करून 18 मिळवणाऱ्यापेक्षा फक्त दोन गुण जास्त मिळतात. लेखीतल्या अर्ध्या प्रश्नात ते वाहून जातात. निकालपत्रावर 20 टक्के लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात वजन शून्याच्या जवळ असतं. हे ओळखायचं असेल तर एकच करावं: अंतर्गत गुण धरून आणि न धरून मुलांचा क्रम लावावा. क्रम हललाच नाही तर तो भाग केवळ शोभेचा आहे. उलट एका शाळेत सगळ्यांना 20 आणि दुसऱ्या कडक शाळेत 12 ते 16 असे गुण असतील, तर क्रम हलेल, पण तो शाळांच्या सवयींमुळे.

माझं मत असं झालं आहे की भांडण मुळात दोन पद्धतींमध्ये नाही. एकाच गुणाला आपण दोन कामं सांगतो, हा खरा घोटाळा आहे. एक काम शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला 'कुठे अडलं' ते सांगण्याचं. दुसरं बाहेरच्या जगाला 'हे मूल इथवर पोहोचलं' असं सांगण्याचं. पहिल्या कामासाठी चुका दिसायला हव्यात, दुसऱ्यासाठी त्या लपवाव्याशा वाटतात. म्हणून चाचणी निकालात धरली गेली, की मूल आपलं अडलेलं सांगत नाही आणि शिक्षकही अवघड प्रश्न टाळतो.

वारंवार चाचण्यांचा शिकण्यासाठी फार उपयोग होतो, हे तर पक्कं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि उरलेल्या तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. त्या मधल्या तीन चाचण्यांना कुणी गुण दिले नव्हते. आठवण्याच्या कष्टानेच काम केलं.

त्यामुळे वर्षभराच्या चाचण्या भरपूर घ्याव्यात, त्यांवर शिक्षकाने लिहावं, पण त्यांचे गुण निकालात नेऊ नयेत. निकालासाठी वेगळे, थोडे, पण एकाहून अधिक प्रसंग असावेत. दोन वेगळ्या दिवशी दोन पेपर घेऊन त्यांची सरासरी काढली, तर वरच्या उदाहरणातली 5 गुणांची चूक साडेतीनवर येते आणि एका धुरकट दिवसाची पकड सुटते. दोन्ही पेपर अनामिक तपासले जावेत, भाषेसारख्या विषयात दोन परीक्षकांकडून. प्रयोग, बोलणं, दीर्घ लेखन या गोष्टी तीन तासांच्या पेपरमध्ये मोजताच येत नाहीत, त्यांच्यासाठी शाळेतलं मूल्यमापन ठेवावंच लागेल. पण ते शाळेत, डोळ्यांसमोर पूर्ण केलेलं काम असावं आणि त्यातल्या काही नमुन्यांची दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने नाव न बघता फेरतपासणी करावी. यालाच मॉडरेशन म्हणतात. दोघांच्या गुणांत सतत एकाच दिशेने फरक पडत असेल, तर तिथे ग्रह आहे. फरक कधी वर कधी खाली असेल, तर ती साधी लॉटरी आहे आणि आणखी एक परीक्षक वाढवून ती कमी करता येते.

यालाही मर्यादा आहेत. दुसरा पेपर, दुसरा परीक्षक, फेरतपासणी या सगळ्याला माणसं आणि दिवस लागतात, आणि शिक्षकांवर आधीच खूप काम आहे. शिवाय सीमेवरचं मूल कुठल्याही पद्धतीत सीमेवरच राहतं. चूक 5 वरून 3 गुणांवर आली तरी 62 पातळीच्या मुलीला चारातून एकदा खाली पडण्याची भीती उरतेच. तिच्यासाठी मापन आणखी बारीक करण्यापेक्षा सीमा जरा मऊ करावी लागेल: 60च्या तीन गुण खाली-वर असलेल्या मुलांना आपोआप दुसरी संधी, मुलाखत किंवा शाळेतलं काम पाहून निर्णय. वर्षभर त्या मुलीला पाहिलेल्या शिक्षिकेचं मत खरोखर उपयोगी पडतं ते याच पट्ट्यात, कारण इथे आकडा स्वतःच सांगत असतो की मला याहून जास्त माहीत नाही.